मेमधलं छप्पर, डिसेंबरातली सावली

सोलर बसवणाऱ्यांच्या कोटेशनमध्ये हल्ली ग्राहकाच्याच घराचा फोटो असतो आणि त्यातल्या छपरावर पॅनल आधीच चढलेले असतात. गिऱ्हाइकाला घर ओळखीचं वाटतं, व्यवहार पुढे सरकतो. पण यातली बरीच चित्रं नजरेच्या अंदाजाने बनवलेली असतात. पॅनलचा एक तुकडा कापायचा, थोडा तिरका करायचा आणि छपरावर डकवायचा. अशा चित्रात चौदा पॅनल आरामात बसतात. प्रत्यक्ष कौलांवर नऊच बसतात.

समजा, रत्नागिरीजवळचं एक कौलारू घर आहे. छपराची एक बाजू दक्षिणेकडे उतरते आणि तिची लांबी 9 मीटर आहे. उपग्रहाच्या नकाशावर आढ्यापासून पागोळीपर्यंतचं अंतर 4 मीटर दिसतं. पहिला घोळ इथेच होतो, कारण नकाशा वरून पाहतो आणि उतार त्याला दिसत नाही. आढं पागोळीपेक्षा 1.87 मीटर उंच असेल तर उतार 25 अंशांचा ठरतो आणि कौलांवरून टेप धरली तर अंतर 4.41 मीटर भरतं. 540 वॅटचा नेहमीचा पॅनल साधारण 2.28 बाय 1.13 मीटरचा असतो. तो उभा लावला तर दोन रांगांनाच साडेचार मीटरहून जास्त जागा लागते, म्हणजे उभ्या दोन रांगा बसतच नाहीत. आडवे लावून कडेला 30 सेंटिमीटर सोडले, तर तीन रांगांत प्रत्येकी तीन पॅनल बसतात.

हे माप फोटोत उतरवण्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम उलटा लागतो. आधी फोटोला हात लावायचाच नाही. कोऱ्या पानावर एका मीटरला 100 पिक्सेल धरून 900 बाय 441 पिक्सेलचा सपाट आयत काढायचा आणि त्यात नऊ पॅनल मापात मांडायचे. मग फोटोशॉपमधल्या `Distort` ने त्या आयताचे चार कोपरे फोटोतल्या छपराच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे. दूरचे पॅनल आपोआप लहान होतात आणि रांगांच्या रेषा आढ्याच्या रेषेबरोबर एकाच बिंदूकडे धावू लागतात. त्या तशा धावत नसतील, तर एखादा कोपरा चुकला आहे. पडताळणीसाठी फोटोतल्या छपराचे दोन्ही कर्ण जोडावेत. ते जिथे छेदतात तिथे मधल्या पॅनलचा मध्य यायला हवा. मूळ फोटो मोबाईलच्या 0.5x लेन्सने काढला असेल तर पागोळीची रेषाच वाकते आणि मग कितीही ओढाताण केली तरी पॅनल कौलांवर टेकत नाहीत. चार पावलं मागे जाऊन 1x वर फोटो काढलेला बरा.

कोन जमला की सावलीकडे वळायचं. खरी फसगत इथेच होते.

या घराच्या दक्षिणेला 9 मीटर उंच फणस आहे. त्याचा शेंडा पागोळीपासून 3 मीटरवर आहे आणि पागोळी जमिनीपासून साडेतीन मीटर उंच. फोटो मे महिन्यात दुपारी काढला आहे. रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे फणसाची सावली त्याच्याच बुंध्याशी गोळा होते आणि छप्पर लख्ख दिसतं. 21 डिसेंबरला मात्र सूर्य माथ्यावर असतानाही क्षितिजापासून 49 ते 50 अंशच वर असतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साधारण 12:35 वाजलेले असतात. त्या वेळी दर मीटर उंचीमागे सावली 85 सेंटिमीटर उत्तरेकडे जाते. छपराचा चढ हिशेबात धरला तर शेंड्याची सावली कौलांवर पागोळीपासून 1.3 मीटर वर पोचते. खालची रांग 0.3 ते 1.43 मीटरच्या पट्ट्यात आहे. म्हणजे फणसासमोरचा पॅनल जवळजवळ झाकला जातो, तोही जिथे सर्वांत जास्त वीज मिळायची त्या दुपारी. पॅनलमधल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे थोडी सावलीही बराच भाग बंद पाडते.

ही सावली मूळ सपाट आयतातच खालून 130 पिक्सेलपर्यंत काढावी, वेगळ्या लेयरवर, `Multiply` लावून, आणि मग पॅनलांबरोबर एकदमच ओढावी. काळा रंग थेट फासला तर पॅनलच्या काचेवरची आभाळाची झाक मरते आणि चित्र खोटं वाटू लागतं. पॅनल कौलांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर असतात, म्हणून त्यांचीही बारीक सावली कौलांवर हवी. ती फोटोतल्या खांबांच्या सावलीच्याच दिशेला पडली पाहिजे. मेच्या उन्हात काढलेल्या फोटोवर डिसेंबरची सावली चढवली तर दोन सूर्य दिसतात. म्हणून चित्रं दोन करावीत, एक फोटोच्या वेळचं आणि दुसरं 21 डिसेंबरचं, आणि प्रत्येकाखाली तारीख व वेळ लिहावी.

दुसरं चित्र विक्रेत्याला नकोसं वाटतं, कारण त्यात नवातले तीन पॅनल गळतात आणि 4.86 किलोवॅटचा सौदा 3.24 वर येतो. पण फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांचं कमाल अनुदान 3 किलोवॅटलाच मिळतं. त्यापुढचे पॅनल ग्राहक पूर्णपणे स्वतःच्या खिशातून घेतो. फणसाच्या सावलीतली खालची रांग त्यांतलीच.