झाकणावर दोन ओरखडे, बॅटरी ७२ टक्के

पुतण्या इंजिनिअरिंगला गेला तेव्हा त्याच्यासाठी मी जुना लॅपटॉप मागवला होता. जाहिरातीचा मथळा अजून पाठ आहे: ‘आय सेव्हन, १६ जीबी, लाइक न्यू, १ वर्ष वॉरंटी’. गंमत म्हणजे यात धडधडीत खोटं असं काहीच नव्हतं. प्रोसेसर आय सेव्हनच होता, पण सहाव्या पिढीचा. लॅपटॉप नव्यासारखा दिसत होता, कारण झाकणावर नवीन स्किन चिकटवलेली होती. आणि वॉरंटी होती ती फक्त मदरबोर्डची. तीही मशीन आपल्या खर्चानं कुरिअर करून पाठवलं तर.

त्यानंतर अशी जाहिरात दिसली की मी किंमत नंतर बघतो, आधी मथळा फोडून वाचतो. माझा एक मित्र पुण्यात जुने लॅपटॉप विकतो. कंपन्यांची लीज संपली की मशीनचे लॉट बाहेर पडतात, त्यातलेच त्याच्याकडे येतात. परवा त्याच्या काउंटरवर डेलचा लॅटिट्यूड ७४९० पडला होता. त्यानं मथळा तयार ठेवला होता: ‘डेल बिझनेस लॅपटॉप, आय फाइव्ह, १६ जीबी, ए ग्रेड, वॉरंटीसह’. म्हटलं, हाच आपण नीट लिहून बघू.

सुरुवात प्रोसेसरपासून केली. ‘आय फाइव्ह’ हे आडनाव झालं. माणूस कोण ते पुढच्या आकड्यावरून कळतं. या मशीनमध्ये i5-8350U होता. डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आकडा 10210 असा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक घ्यायचे, म्हणजे दहावी. i5-1135G7 मात्र फसवतो: अंक चारच, पण पिढी अकरावी. पुतण्याच्या मशीनमध्ये होता i7-6600U. त्याला दोन कोअर, तर या ‘आय फाइव्ह’ला चार. म्हणजे नावानं मोठा तो प्रत्यक्षात धाकटा निघाला. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सातवी आणि आठवी पिढी यांत नुसत्या एका वर्षाचं अंतर राहिलेलं नाही. मथळ्यात पूर्ण क्रमांक नसेल तर तो विचारावा, आणि उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजावं.

मेमरीत भानगड शब्दापासूनच आहे. काही जण ‘५१२ जीबी मेमरी’ लिहितात, आणि ती निघते एसएसडी, म्हणजे फायली ठेवायची जागा. रॅम वेगळी. काही जण ‘१६ जीबीपर्यंत’ लिहितात. मशीनमध्ये आठच असते, उरलेली आपण विकत घ्यायची. मित्रानं टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. १६ जीबी होती, आणि खाली लिहिलेलं होतं Slots used: 2 of 2. म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या जोडीनं चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला फायदा होतो. पण पुढे रॅम वाढवायची तर पट्टी काढूनच नवी घालावी लागेल. हे दोन्ही ‘८+८’ एवढ्याशा अक्षरांत मावतं.

मग आलं ग्रेड. इथं आमचं वाजलं.

‘ए’, ‘बी’, ‘सी’ या ग्रेडना सगळ्या दुकानांना बांधणारं एकच माप नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी, आणि ‘ए प्लस’ तर तोंडाला येईल तसं. त्यातून ग्रेड बहुतेक ठिकाणी फक्त दिसण्याचं असतं. आतल्या बॅटरीचं काय झालंय ते अक्षर सांगत नाही. आम्ही मशीन खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. झाकणावर दोन ओरखडे होते, एक नखाएवढा, दुसरा बोटभर. स्पेसबार घासून चकचकीत झाला होता. मग पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवला. लॉटमध्ये लॅपटॉप एकावर एक रचून आणतात, दाब पडला तर स्क्रीनवर फिकट पांढरा ठिपका उमटतो, आणि तो दिसतो फक्त असा. इथं नव्हता.

बॅटरीसाठी त्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप केलं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, कुठे ठेवली तेही तिथंच लिहून येतं. फाइलमध्ये DESIGN CAPACITY होती ६०,००० मिलिवॉट-तास आणि FULL CHARGE CAPACITY ४३,२००. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की ७२ टक्के. नवी असताना पाच तास चालली असेल तर आता साडेतीनच्या आसपास. अंदाजच तो, कारण बॅटरीतलं मीटरही चुकतं. म्हणून पैसे देण्यापूर्वी चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून बघितलेला बरा.

‘म्हणजे हा बी,’ मी म्हटलं.

‘बी लिहिला तर फोन येणार नाही,’ मित्र म्हणाला. ‘शेजारचा असाच माल ए म्हणून विकतो.’

त्याचं चूक नव्हतं. एकट्यानं खरं लिहिलं तर त्याचं मशीन यादीत उगाच वाईट दिसतं. तोडगा निघाला तो असा की अक्षर राहू दे, पण त्यापुढे कारणही लिहू. ‘बी’ वाचून माणूस तुटकं बिजागर डोळ्यापुढे आणतो. ‘झाकणावर दोन ओरखडे’ वाचून दोन ओरखडेच आणतो.

राहिली वॉरंटी. बाजारात ‘टेस्टिंग वॉरंटी’ हा शब्द चालतो. म्हणजे घरी नेऊन चालवून बघायला काही दिवस, बस्स. तीही जाहिरातीत ‘वॉरंटी’च होते. डेलच्या मशीनखाली सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या साइटवर घातला की कंपनीची वॉरंटी कधी संपली ते कळतं. याची केव्हाच संपली होती. म्हणजे जे काही आहे ते दुकानाचं, आणि तसंच लिहायला हवं: कोण देतो, किती दिवस, काय वगळून. मित्र सहा महिने देतो, पण बॅटरी-चार्जरला एकच महिना. ‘हे दुकानात सांगतोच की,’ तो म्हणाला. सांगतो खरा, पण पैसे हातात आल्यावर.

जाता जाता मी मशीन रीसेट करून इंटरनेट जोडायला लावलं. मोठ्या कंपन्या आपली मशीन मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावानं नोंदवतात. नोंद काढायची राहिली असेल तर सेटअपच्या वेळी जुन्या कंपनीचं नाव आणि तिचा लॉगिन समोर येतो, आणि मग ग्रेड कुठलाही असो, गाडी तिथंच अडते. हे मशीन मोकळं होतं.

शेवटी मथळा असा झाला:

‘रिफर्बिश्ड डेल लॅटिट्यूड ७४९०, i5-8350U (८वी पिढी), रॅम १६ जीबी (८+८), एसएसडी २५६ जीबी, ग्रेड बी: झाकणावर २ ओरखडे, बॅटरी ७२%, दुकानाची वॉरंटी ६ महिने (बॅटरी-चार्जर १)’

लांब झाला. फोनवर अर्धा कापला जाईल अशी मित्राची तक्रार होती, आणि ती रास्त होती. म्हणून तर ‘रिफर्बिश्ड’ आणि प्रोसेसर पुढे घेतले होते. त्यानं तोंड वाकडं करत जाहिरात टाकली. तासाभरानं फोन वाजला. पलीकडच्या बाईंनी पिढी विचारली नाही, रॅम विचारली नाही, ‘कंडिशन कशी आहे हो’ हे तर नाहीच.

‘नवी बॅटरी घालून द्याल का,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मग कितीला पडेल?’