‘खूप’ला रजा दिली तर…

‘त्या दिवशी खूप पाऊस पडला. आकाशात खूप काळे ढग होते. मी खूप भिजलो. आईने मला खूप गरम चहा दिला. खूप मजा आली.’ पावसाळ्यावरच्या शालेय निबंधात अशी वाक्ये हमखास सापडतात. चूक एकही नाही, पण पाऊस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. इंग्रजीच्या तासाला ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एक्झॉस्टेड’ लिहायला शिकवतात. मराठीतही तसे नेमके शब्द भरपूर आहेत.

पहिलेच वाक्य घ्या. खूप पाऊस म्हणजे जोराचा, की दिवसभर न थांबलेला? जोराचा असेल तर तो ‘मुसळधार’. जोर बेताचा, पण खंड नाही, तर ‘संततधार’. ‘खूप’ने नेमका हाच फरक झाकून टाकला होता. शब्द निवडायला बसले की मुलाला तो दिवस पुन्हा आठवावा लागतो, आणि खरा फायदा तिथेच होतो.

ढग ‘काळेकुट्ट’ होतात, भिजलेला मुलगा ‘ओलाचिंब’ होतो. मराठीने असे जोडशब्द मुबलक घडवले आहेत: पांढराशुभ्र, पिवळाधमक, आंबटढाण, कोरडाठाक. यातले ‘कुट्ट’ किंवा ‘ढाण’ एरवी सुटे वापरले जात नाहीत, आणि त्यांच्या जोड्याही ठरलेल्या असतात. पिवळाधमक म्हणतात, लालधमक नाही; लाल असतो तो ‘लालभडक’. काळ्या रंगात तर भावही बदलतो. केस आणि डोळे ‘काळेभोर’, कारण त्यात कौतुक आहे. अंधार ‘काळाकुट्ट’. ‘तिचे काळेकुट्ट केस’ असे लिहिले की कौतुक नाहीसे होते. हे बारकावे यादी पाठ करून कळत नाहीत. घरात, बाजारात आणि वाचनात शब्द कुणाबरोबर येतो ते पाहावे लागते.

चहाला दोन शब्द सुचतात. ‘वाफाळता’ डोळ्यांना दिसतो, ‘कढत’ जिभेला जाणवतो. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाच्या हातात वाफाळताच शोभेल.

मात्र जोरदार शब्द खराही असायला हवा. खूप आजारी आजोबांना ‘अत्यवस्थ’ म्हटले तर वाचणाऱ्याला वाटेल, ते जगतात की नाही याचीच शंका आहे. ‘खूप पांढराशुभ्र’ही नको, शुभ्रतेत ते सगळे आलेच. आणि ‘जत्रेला खूप माणसे होती’ यातला ‘खूप’ संख्या सांगतो, त्याला हात लावायचे कारण नाही.

उरले शेवटचे वाक्य. ‘खूप मजा आली’ला ‘धमाल आली’ असा पर्याय आहे, पण त्यानेही काही दिसत नाही. इथे विशेषण शोधण्यापेक्षा मजा कशाची ते लिहावे: अंगणातल्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडल्या आणि धाकट्या बहिणीची होडी सगळ्यांच्या पुढे गेली.