स्वल्पविराम कोण टाकतो?

सोसायटीच्या दुरुस्ती निधीत १२३४५६७८ रुपये जमा आहेत, असं समजा. खजिनदारांनी एक्सेलमध्ये ताळेबंद केला, तेव्हा त्यांच्या पडद्यावर आकडा दिसत होता १,२३,४५,६७८. फाइल सभासदांना गेली आणि एकाच्या लॅपटॉपवर तोच आकडा १२,३४५,६७८ असा उघडला. लाख-कोटींत वाचणारी नजर पहिल्या स्वल्पविरामापर्यंत ‘बारा’ वाचते आणि अडखळते. बारा लाख, की बारा कोटी? खरी रक्कम आहे एक कोटी तेवीस लाख. कोणी काही बदललेलं नाही, बेरीजही बरोबर आहे. फरक आहे तो फक्त स्वल्पविरामांच्या जागेचा.

एक्सेल फाइलमध्ये नुसता आकडा साठवतं आणि त्यासोबत `#,##0` अशी एक खूण ठेवतं. ‘गट पाडून दाखव’ एवढंच ती खूण सांगते. गट तीन-तीनचे पाडायचे की आपल्या पद्धतीने आधी तीन आणि मग दोन-दोनचे, हे फाइल उघडणाऱ्या संगणकाच्या विंडोजमधल्या सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग अमेरिकेचं असेल, तर रुपयेसुद्धा हजारांच्या गटांत दिसणार. फॉरमॅटमध्ये हाताने `#,##,##0` लिहून पाहणारे पुष्कळ असतात. पण स्वल्पविराम कुठे लिहिलाय ते एक्सेल पाहतच नाही, त्यामुळे तो खटाटोप वाया जातो.

फाइल फक्त आपल्याच संगणकावर राहणार असेल, तर सरळ विंडोजचं सेटिंग बदलावं. Control Panel मध्ये Region, तिथे Additional settings, आणि त्यात Digit grouping. लाख-कोटींचा पर्याय निवडला की काम झालं. फाइल गावभर फिरणार असेल, तर मात्र स्वल्पविराम तिच्यातच पक्के बसवावे लागतात. त्यासाठी आकड्यांचे सेल निवडून Ctrl+1 दाबायचं, Custom वर जायचं आणि हे लिहायचं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

अर्धविरामांनी याचे तीन भाग पडतात: कोटी आणि त्यावरच्या रकमा, लाखांतल्या रकमा, आणि उरलेलं सगळं. यातली खरी किमया उलट्या तिरप्या रेघेची आहे. ती रेघ असली की पुढचा स्वल्पविराम गट पाडण्याची आज्ञा राहत नाही, जिथे लिहिला तिथेच छापला जातो. अगदी डावीकडे अंक नसला तरी छापला जातो. लाखांचा साचा ४५०० ला लावला, तर ‘,४,५००’ असं विचित्र काहीतरी दिसेल. म्हणून कंसातल्या अटी हव्यात.

मात्र एका फॉरमॅटमध्ये अशा दोनच अटी बसतात आणि सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात. तूट दाखवणारी रक्कम, म्हणजे उणे १२ लाख ३४ हजार ५६७, दोन्ही अटींत बसत नाही. ती तिसऱ्या भागात पडते आणि परदेशी सेटिंगवर पुन्हा -१,२३४,५६७ अशी दिसते. शंभर कोटींच्या पुढे डावीकडचा शेवटचा स्वल्पविराम गळतो आणि १,२३,४५,६७,८९० ऐवजी १२३,४५,६७,८९० उमटतं. पैशांचाही घोळ होतो. ९९,९९९.६० ही रक्कम लाखाहून कमी म्हणून तिसऱ्या भागात जाते, तिथे पूर्णांक होते आणि त्याच सेटिंगवर १००,००० अशी छापली जाते. तेव्हा फाइल पाठवण्याआधी कोऱ्या सेलमध्ये हे तीन आकडे टाकून पाहावेत. चूक लगेच डोळ्यांना दिसते.

उणे रकमांसाठी Conditional Formatting मध्ये वेगळा नियम करता येतो. सेलची किंमत -१००००० किंवा त्याहून कमी असेल, तर `##\,##\,##0` हा फॉरमॅट लावायचा. उणे चिन्ह एक्सेल आपणहून लावतं. तूट कोटींत जाणार असेल, तर तसाच आणखी एक नियम त्याच्या वर ठेवायचा. शंभर कोटींच्या पुढच्या रकमांनाही हाच उपाय चालतो, फक्त साच्यात `##\,` एकदा वाढवायचं.

हेच काम TEXT या सूत्रानेही होतं, पण हिशेबाच्या रकान्यात ते वापरू नये. TEXT आकड्याचा मजकूर करून टाकतं, आणि मग खाली SUM लावलं की त्या रकमा बेरजेत धरल्याच जात नाहीत. कस्टम फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो. आतली रक्कम आणि तिची बेरीज जशीच्या तशी राहते. तेव्हा ताळेबंद दुसऱ्याच्या हाती देणार असाल, तर फॉरमॅटच वापरा आणि रकान्याच्या डोक्यावर ‘रक्कम रुपयांत’ एवढं जरूर लिहा.