नकार एका वाक्यात, बाकी सगळा आनंद

आपल्याकडे लग्नपत्रिकेला कुणी लेखी उत्तर देत नाही. ‘सहकुटुंब सहपरिवार’ बोलावणं येतं, आपण ‘जमलं तर नक्की येतो’ म्हणतो, आणि यजमान त्यातलं खरं काय ते ओळखून घेतो. फ्रेंच माणसाला हेच वाक्य ऐकवलं, म्हणजे ‘ओं व्हा एसेये’ (प्रयत्न करतो) असं कळवलं, तर तो पेचात पडतो. त्याला जेवणाच्या टेबलावरच्या खुर्च्या मोजायच्या असतात. केटररचा, म्हणजे ‘त्रेतर’चा, हिशेब माणशी असतो आणि त्याला पक्का आकडा आधी द्यावा लागतो. कोण कुणाशेजारी बसणार तेही ठरवायचं असतं. म्हणून पत्रिकेवर ‘अमुक तारखेपूर्वी कळवावे’ असं छापलेलं असतं. त्या तारखेनंतर आलेला गोड नकारही तिथे खटकतो आणि मौन तर त्याहून अधिक.

पत्रिका आधी नीट वाचावी. ‘फेर-पार’ ही मुख्य पत्रिका लग्न ठरल्याची वार्ता देते. नगरपालिकेतला विधी फ्रान्समध्ये कायद्याने आवश्यक असतो, चर्चमधला ज्याच्या-त्याच्या श्रद्धेनुसार. त्यानंतर ‘व्हँ दोनर’ असतं, म्हणजे पेय आणि फराळासह सर्वांना भेटण्याचा कार्यक्रम. रात्रीच्या जेवणाचं बोलावणं बहुधा वेगळ्या कार्डावर येतं आणि ते मोजक्यांनाच असतं. आपल्याला नेमकं कशाकशाचं बोलावणं आहे ते पाहावं आणि तेवढ्याचंच उत्तर द्यावं. ज्या जेवणाचं निमंत्रणच नाही त्याला नकार कळवला, तर दोन्ही बाजू अवघडतात. सोबत छापील उत्तरकार्ड असेल, तर ‘येणार नाही’च्या चौकटीत खूण करून थांबू नये. खाली हाताने दोन ओळी लिहिल्या नाहीत, तर ते कार्ड बँकेचा फॉर्म भरल्यासारखं दिसतं.

आता शब्दांकडे. भाषेच्या वर्गात शिकलेला सगळ्यात ‘सभ्य’ शब्दप्रयोगच इथे घात करतो. ‘नूझाव्हों ल रग्रे द व्हूझँफोर्मे’, म्हणजे ‘आपणास कळविण्यास खेद वाटतो’. व्याकरण चोख आहे, पण फ्रान्समध्ये हे वाक्य माणसं नोकरीचा अर्ज फेटाळणाऱ्या पत्रात वाचतात. शेवटी ‘कोर्दियालमाँ’ लिहिलं की ऑफिसच्या ईमेलची कळा पुरी होते. दुसरा धोका शोकपत्राचा आहे. ‘नो पाँसे व्हूझाकोंपान्य’, म्हणजे ‘आमचे विचार तुमच्यासोबत आहेत’, हे वाक्य सांत्वनाच्या पत्रांत नेहमी येतं. लग्नाच्या उत्तरात ते एकटं ठेवलं, तर वाचणारा क्षणभर चपापतो. ‘या आनंदाच्या दिवशी’ एवढी जोड दिली की ते सावरतं. ‘रग्रे’ हा खेदाचा शब्दही पुन्हा पुन्हा वापरू नये. तिथल्या कबरींवरच्या पाट्यांवर तो कोरलेला असतो.

मग ऊब आणायची कुठून? फ्रेंचमध्ये ती क्रियापदाच्या रूपात असते. एक उदाहरण घेऊ. पुण्याची एक इंजिनिअर आणि तिचा नवरा काही वर्षं लियॉनला नोकरी करून परतलेत. तिथल्या जोडमित्रांचं लग्न ३० मे रोजी आहे आणि त्याच आठवड्यात पुण्यात तिच्या बहिणीचं. उत्तर दोघांच्या वतीने, नवरा-नवरी दोघांना जायचं आहे. त्यामुळे ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दोघांना उद्देशून ‘व्हू’च लागतं.

सुरुवात ‘शेर तू ले दअ’ अशी, म्हणजे ‘प्रिय दोघांनो’. पहिलं वाक्य आनंदाचं: ‘केल झ्वा दाप्रांद्र व्होत्र मारियाझ’, तुमच्या लग्नाची बातमी ऐकून किती आनंद झाला! लगेच ‘मेर्सी दाव्ह्वार पाँसे आ नू’, आमची आठवण ठेवलीत, आभार. खेदाने सुरुवात केली की पुढचं अभिनंदन उपचारासारखं वाटतं, म्हणून हा क्रम मोडू नये.

आता मधलं, सगळ्यात नाजूक वाक्य. ‘नूझोरियों ताँतेमे एत्र आ व्हो कोते’, म्हणजे ‘तुमच्या सोबत असायला आम्हाला किती आवडलं असतं’. या ‘असतं’मध्येच नकार येऊन जातो आणि इच्छाही शाबूत राहते. पण इथेच थांबलं, तर येणार की नाही ते लिहिलेलंच नाही. म्हणून पुढे कारण आणि स्पष्ट नकार हवा: त्याच आठवड्यात पुण्यात बहिणीचं लग्न आहे, ‘ए नू न पुरों पा व्हनीर’, आणि आम्हाला येता येणार नाही. ‘न व्हियाँद्रों पा’, म्हणजे ‘आम्ही येणार नाही’, असं मात्र लिहू नये. त्यात जमत नाही असं न दिसता ठरवून नाकारल्याचा सूर लागतो. ‘देझोले’ हा माफीचा शब्द घालायचा असेल, तर एकदाच.

कारण एकच द्यावं आणि ते एका वाक्यात संपावं. विमानाची तिकिटं, रजा, सासूबाईंची तब्येत अशी तीन कारणं एकत्र आली, तर एकही खरं वाटत नाही. सांगण्यासारखं नसेल, तर ‘आँगाझमाँ प्री द लोंग दात’, फार आधी दिलेला शब्द, असं म्हणायची सोय आहे. ते खरं असेल तेव्हाच वापरावं, कारण त्या दिवशीचे फोटो सगळ्यांना दिसतात. ‘वैयक्तिक कारणाने’ हा शब्दप्रयोग दार लावून घेणारा आहे, जवळच्या माणसाला तो लागतो.

शेवट पुढच्या भेटीकडे वळवावा. ‘नू लेव्हरों नोत्र व्हेर आ व्होत्र साँते’, त्या दिवशी तुमच्या नावाने ग्लास उंचावू. मग लियॉनला पुन्हा आलो की भेटू, असं एक वाक्य. नंतर ‘नू व्हू स्वेतों बोकू द बोनर’, तुम्हाला भरपूर सुख लाभो. सही करण्याआधी जवळच्या मित्रांना ‘ओं व्हूझाँब्रास’ लिहितात, थोड्या दूरच्यांना ‘आव्हेक तूत नोत्र आमितिये’, आमच्या सगळ्या स्नेहासह.

निमंत्रण वधू-वराच्या आईवडिलांच्या नावे आलं असेल आणि घराणं जुन्या वळणाचं असेल, तर उत्तर त्यांनाच जातं. अशा वेळी आपलं नाव छापलेल्या कार्डावर तृतीयपुरुषी मजकूर लिहिण्याची पद्धत आहे: अमुक दांपत्य प्रेमळ निमंत्रणाबद्दल आभार मानतात, दुर्दैवाने उपस्थित राहू शकत नाहीत, आणि वधू-वरांना शुभेच्छा देतात. छापील नावच वाक्याचा कर्ता होतं, म्हणून खाली सही नसते. अनोळखी यजमानाला हे सोपं पडतं, पण मित्राला असं कार्ड गेलं तर तो दुखावेल.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. नकाराचं वाक्य बोटाने झाकावं. उरलेला मजकूर निव्वळ अभिनंदनाचं पत्र म्हणून उभा राहिला पाहिजे. मग उलट करावं: फक्त ते एक वाक्य वाचावं आणि यजमानाला आपलं नाव यादीतून निःशंकपणे खोडता येईल का ते पाहावं. पहिल्यात अडखळलात तर पत्र कोरडं आहे, दुसऱ्यात अडखळलात तर तो अजून तुमची खुर्ची मांडतो आहे.