विजयसंभाव्यतेचा आलेख व सामन्याच्या अखेरचे निर्णय

बास्केटबॉलच्या सामन्यात प्रत्येक क्षणी एका संघाच्या विजयाची शक्यता किती, हे दाखविणारा आलेख आता सर्वपरिचित झाला आहे. त्याच्या आडव्या अक्षावर काळ असतो व उभ्या अक्षावर टक्केवारी. हा आलेख पाहून अखेरच्या मिनिटात खेळाडू बदलावा की नाही, टाइम-आउट घ्यावा की राखावा, हे ठरविता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या आलेखाचे एक मूलभूत गणित हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडले. गुणांतील आघाडी ही यदृच्छया पुढेमागे सरकत राहते, असे त्याने गृहीत धरले. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांवरून अठ्ठेचाळीस मिनिटांतील या सरकण्याचे प्रमाण विचलन सुमारे १६ गुण येते. उरलेल्या वेळाचे एकूण वेळाशी असणारे प्रमाण काढून त्याच्या वर्गमुळाने १६ ला गुणिले की उरलेल्या वेळातील विचलन मिळते. आघाडीला या विचलनाने भागावे, आणि येणाऱ्या अंकावरून प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात विजयाची शक्यता पाहावी.

१८ जून २०१३ रोजी मायामी येथे झालेला अंतिम मालिकेचा सहावा सामना येथे उदाहरणादाखल घेता येईल. १९.४ सेकंद उरले असता सॅन अँटोनिओचा संघ ९५–९२ असा पुढे होता. १९.४ सेकंद म्हणजे २,८८० सेकंदांचा सुमारे १४८ वा भाग. त्याचे वर्गमूळ ०.०८२, व विचलन १.३ गुण. ३ ला १.३ ने भागता २.३ येतात व कोष्टक जवळजवळ ९९ टक्के सांगते. पण मायामीच्या लेब्रॉन जेम्सची त्रिगुणी फेक हुकली, क्रिस बॉशने फळ्यावरून परतलेला चेंडू मिळविला आणि रे ॲलनने ५.२ सेकंद उरले असता तीन गुण करून बरोबरी साधली. जादा वेळात मायामीने सामना १०३–१०० असा जिंकला.

केवळ दुर्दैव म्हणून हा प्रसंग सोडून देता येत नाही. स्टर्नचे प्रमाण प्रत्येक चतुर्थांशाच्या अखेरीच्या गुणसंख्येवरून काढलेले होते. शेवटच्या वीस सेकंदांचे स्वरूप त्यात उतरलेले नव्हते. त्याच्या गणितात चेंडू कोणाकडे आहे याची नोंद नाही, आणि गुण एकदम तिनाने वाढतात हेही त्यात नाही. चेंडूचा ताबा जमेस धरणारे आलेख सत्याच्या अधिक जवळ जातात; तथापि मैदानावर कोणते पाच खेळाडू आहेत हे सामान्यतः त्यांनाही ठाऊक नसते. आणि बदलीचा प्रश्न तर नेमका तोच असतो.

त्या क्षणी सॅन अँटोनिओचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी उंचापुरा टिम डंकन बाहेर ठेवला होता. मायामीला त्रिगुणी फेकच हवी होती. तेव्हा दूरच्या फेकीवर धावून जाणारे चपळ खेळाडू आत असावेत, हा विचार सयुक्तिक होता. त्याची किंमत मात्र परतलेल्या चेंडूत मोजावी लागते.

केवळ समजण्यापुरते काही अंक गृहीत धरू. डंकन आत असता पहिली फेक यशस्वी होण्याची शक्यता ३३ टक्के, हुकल्यास मायामीला चेंडू परत मिळण्याची २० टक्के आणि दुसऱ्या फेकीची ४० टक्के मानली, तर बरोबरीची शक्यता ०.३३ + ०.६७ × ०.२० × ०.४०, म्हणजे सुमारे ३८ टक्के येते. डंकन बाहेर असता पहिली फेक ३० टक्क्यांवर उतरली, पण परतलेला चेंडू ३० टक्के वेळा मायामीला मिळू लागला, तर ०.३० + ०.७० × ०.३० × ०.४०, म्हणजे पुन्हा ३८ टक्केच येतात. सारांश, पहिल्या फेकीतील तीन टक्क्यांचा लाभ परतलेल्या चेंडूतील दहा टक्क्यांच्या हानीने पुसला जातो. जादा वेळात दोन्ही संघ समबल मानल्यास ३८ टक्के बरोबरी म्हणजे १९ टक्के पराभव. विजयाची शक्यता ९९ नव्हे, ८१ टक्के ठरते. बदली योग्य की अयोग्य हे आलेखाची उंची सांगत नाही. दोन पर्यायांतील अंतर सांगते, आणि ते असे स्वतंत्रपणे काढावे लागते.

टाइम-आउटविषयीही हेच म्हणता येईल. मध्यंतरानंतर आलेख ७० वरून ५५ वर घसरला की टाइम-आउट घेण्याचा मोह होतो. परंतु अशा घसरणीत यदृच्छेचा वाटा मोठा असतो, व टाइम-आउट मोजकेच असतात. उमरेडसारख्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय नियमांनी सामना खेळला गेल्यास उत्तरार्धात तीनच टाइम-आउट मिळतात, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत दोहोंहून अधिक वापरता येत नाहीत. याच दोन मिनिटांत, स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू खेळावयाचा असता, टाइम-आउटनंतर तो पुढील अर्ध्या भागातून आत टाकता येतो. पिछाडीवरील संघाला काही सेकंद उरले असता हा लाभ अमोल ठरतो. मात्र टाइम-आउटमध्ये प्रतिपक्षालाही बदली करता येते. त्याचा उंच रक्षक बाहेर असेल, तर तो परत येण्यास आपणच वाट करून देतो.

येथील सामना चाळीस मिनिटांचा असल्याने १६ हा अंकही तसाच उचलून चालणार नाही. स्थानिक गुणपत्रकांवरून तो नव्याने काढावा लागेल. तो काढल्यावरही अखेरच्या अर्ध्या मिनिटात वक्ररेषेपेक्षा वर दिलेली दोन ओळींची आकडेमोडच प्रशिक्षकाच्या अधिक उपयोगी पडेल.