मच्छरदाणीतले औषध जपावे कसे?

पावसाळा लागला की प्रत्येक घरात मच्छरदाणी निघते. पण सगळ्या मच्छरदाण्या सारख्या नसतात. बाजारात मिळणारी साधी मच्छरदाणी म्हणजे फक्त पडदा. अंग तिला टेकले की डास बाहेरूनच चावतो, आणि एखादे भोक पडले की आत येतो. औषधाची मच्छरदाणी वेगळी असते. तिच्या धाग्यात कारखान्यातच कीटकनाशक मुरवलेले असते. डास आत शिरण्यासाठी जाळीवर बसतो, त्याच्या पायांना औषध लागते आणि तो मरतो किंवा न चावताच निघून जातो. पाकिटावर डेल्टामेथ्रिन, अल्फासायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन यांपैकी एक नाव छापलेले असते. ते नसेल तर ती साधी मच्छरदाणी समजावी.

गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांत अशा मच्छरदाण्या सरकारकडून वाटल्या जातात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मलेरिया तितका नाही. तरी सातपुड्याच्या पायथ्याची जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली गावे, नाल्याकाठच्या वस्त्या आणि कामासाठी बाहेरगावी जाणारी माणसे यांना तिचा उपयोग आहे. ज्या घरात ती आली, तिथे पुढचा प्रश्न उरतो तो ती टिकवायचा. धागा दिसायला शाबूत असतो, पण त्यातले औषध आपल्याच हातांनी धुऊन जाते.

टांगताना

नवी मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर लगेच खाली झोपू नये. ती उलगडून एक दिवस आणि एक रात्र सावलीत, हवेशीर जागी टांगून ठेवावी. तसे न केल्यास पहिल्या रात्री चेहऱ्याला चुणचुण लागते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. हा त्रास एक-दोन दिवसांत जातो, पण तेवढ्यावरून घाबरून लोक मच्छरदाणी पेटीत टाकून देतात. उन्हात मात्र वाळवू नये, कारण उन्हाने औषध नासते.

टिनाच्या घरात चार कोपऱ्यांत चार खिळे मिळतीलच असे नाही. बाजेच्या चार पायांना चार बांबूच्या काठ्या घट्ट बांधाव्यात आणि कोपऱ्यांच्या फाशांतून दोरी ओवून मच्छरदाणी काठ्यांना अडकवावी. मग बाज अंगणात नेली तरी मच्छरदाणी तिच्याबरोबर जाते. दोरी फार ताणू नये. जाळी एवढी खाली यावी की तिचा काठ गोधडीखाली चारही बाजूंनी हातभर खोचता येईल. जमिनीवर झोपत असाल तर काठ चटईखाली दाबावा. आत शिरल्यावर पुन्हा खोचणे ही शेवटची पायरी आहे, आणि लहान मुले असलेल्या घरात नेमकी तीच राहून जाते. अंग जाळीला टेकणार नाही एवढी जागा ठेवावी. चूल, दिवा, मेणबत्ती आणि विडी यांपासून लांब टांगावी, कारण हा धागा झटकन पेट घेतो.

सकाळी काठ वर गुंडाळून गाठ मारावी. खाली लोंबणारी जाळी पोरांच्या पायात, शेळीच्या तोंडात आणि उंदराच्या दातात सापडते. बहुतेक भोके खालच्या हातभर पट्ट्यातच पडतात.

धुताना

औषध धाग्याच्या आत असते आणि वरच्या थरावर थोडे थोडे येत राहते. धुतले की वरचे जाते, मग आतले पुन्हा वर यायला काही वेळ लागतो. अशा बहुतेक मच्छरदाण्या साधारण 20 धुण्यांपर्यंत किंवा 3 वर्षांच्या वापरापर्यंत काम देतील अशा बनवलेल्या असतात. आता हिशेब करू. दर पंधरवड्याला धुतली तर दहा महिन्यांत 20 धुणी संपतात आणि उरलेली दोन वर्षे आपण साध्या जाळीखाली झोपतो. दर तीन महिन्यांनी धुतली तर तीन वर्षांत फक्त 12 धुणी होतात.

तीन महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवायला आपल्या पौर्णिमा सोप्या आहेत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. त्यानंतर पौष आणि चैत्र. या चार पौर्णिमांच्या आसपास एकेकदा धुवावी, मधल्या काळात नुसती बाहेर नेऊन झटकावी. डासांचा खरा जोर वर्षावासाच्या तीन महिन्यांत असतो, त्यामुळे त्या काळात मध्ये धुणे नकोच.

धुण्यासाठी घमेल्यात किंवा टोपल्यात थंड पाणी आणि अंगाचा साबण घ्यावा. कपड्यांची पावडर, सोडा, ब्लीचिंग आणि गरम पाणी वापरू नये. भिजत घालू नये, दगडावर आपटू नये, ब्रशने घासू नये. हाताने हलकेच चोळून दोन पाण्यांतून काढावी आणि न पिळता सावलीत दोरीवर पसरावी. नदी, नाला किंवा तळ्यावर धुऊ नये. माणसाला हे औषध या प्रमाणात बाधत नाही, पण मासे त्याने मरतात. घमेल्यातले पाणी विहीर आणि हातपंपापासून दूर, खड्ड्यात ओतावे आणि हात साबणाने धुवावेत.

एक गोष्ट कधीही करू नये. औषध संपले म्हणून घरात पडलेल्या कपाशीच्या औषधात मच्छरदाणी बुडवणे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला ठाऊक आहे. मोनोक्रोटोफॉससारखी शेतीची औषधे कातडीतून आणि श्वासातून अंगात जातात. अशा जाळीखाली बाळ रात्रभर श्वास घेणार असते. मच्छरदाणीचे औषध वेगळे, त्याचे प्रमाण वेगळे. औषध संपलेली मच्छरदाणी साधी म्हणून वापरावी, पण शेतीचे औषध तिला लावू नये.

भोके मोजताना

भोक पडले की मच्छरदाणी निकामी झाली असे नाही. जाळीवर औषध असेपर्यंत लहान भोकांतून यायला बघणारा डासही जाळीवर बसतोच. पण किती फाटली म्हणजे फार फाटली? जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी एक सोपी मोजणी आहे. अंगठा जाईल एवढ्या भोकाला 1 गुण, मूठ जाईल एवढ्याला 23, डोके जाईल एवढ्याला 196 आणि त्याहून मोठ्याला 576. बेरीज 64 पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली. 65 ते 642 असेल तर फाटलेली पण वापरण्याजोगी, आणि त्याच्या वर गेली तर ती बदलायला हवी.

समजा, मच्छरदाणी दारात उजेडासमोर धरली आणि अंगठ्याएवढी पाच, मुठीएवढी दोन आणि डोक्याएवढी तीन भोके दिसली. बेरीज होते 5 अधिक 46 अधिक 588, म्हणजे 639. आणखी एक मुठीएवढे भोक पडले की ती बाद. आता वेळ एकाच संध्याकाळचा आहे. त्या पाच बारीक भोकांना हात लावू नका. डोक्याएवढी तीन आधी बंद करा. तेवढ्यानेच बेरीज 51 वर येते आणि मच्छरदाणी पुन्हा चांगल्यात जमा होते.

मुठीएवढ्या भोकाचे काठ एकत्र ओढून सुईदोऱ्याने टाके घालावेत. सुई नसेल तर तेवढी जाळी चिमटीत धरून दोऱ्याने घट्ट गाठ मारावी, तेही चालते. डोक्याएवढ्या भोकाला ठिगळ लावावे. ठिगळ जुन्या मच्छरदाणीचे असले तर उत्तम, नाहीतर पातळ सुती कापडाचे. ते भोकाहून चार बोटे मोठे घ्यावे, म्हणजे कडेची जाळी ताणून फाटत नाही. ठिगळात औषध नसते, पण भोक बंद होते. बाद झालेली मच्छरदाणी जाळू नये आणि तिने मासेही धरू नयेत.

आधी कोणी झोपावे

मच्छरदाण्या बहुधा माणसांपेक्षा कमी असतात. साधारण दोन माणसांमागे एक असावी. समजा, घरात सात माणसे आणि दोनच मच्छरदाण्या आहेत. आजी, आजोबा, मुलगा, गरोदर सून, तीन वर्षांची नात, कॉलेजात जाणारी मुलगी आणि हरभऱ्याची राखण करायला रात्री शेतात झोपणारा धाकटा मुलगा. अनेक घरांत पहिली मच्छरदाणी घरातल्या कर्त्याच्या बाजेवर चढते. ती गरोदर सून आणि नात यांची आहे. गरोदरपणात मलेरियाचे जंतू वारेत साचतात. आईचे रक्त कमी होते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या अंगात या तापाशी झुंजायची ताकद तयार झालेली नसते.

दुसरी मच्छरदाणी उघड्यावर झोपणाऱ्याची. आपल्याकडे मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस डास रात्री चावतो. त्यातली एक मुख्य जात जास्त करून गुरांचे रक्त पिते आणि गोठ्यात बसते. म्हणून शेतात झोपणारा मुलगा आणि गोठ्याजवळ बाज टाकणारे आजोबा यांना इतरांपेक्षा धोका जास्त. मुलाची राखण चालू असेपर्यंत मच्छरदाणी त्याच्याबरोबर शेतात जावी, एरवी आजोबांना मिळावी. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा जंगलपट्ट्यातल्या कामावर जाणाऱ्यांनीही ती गाठोड्यात न्यावी. आपल्या भागात मलेरिया कमी असल्यामुळे आपल्या मोठ्या माणसांच्या अंगातही त्याच्याशी लढायची सवय नसते. मोठ्याला काही होत नाही, ही समजूत तिथे महागात पडते.

यात एक बदल करावा लागतो. घरात कोणाला थंडी वाजून ताप आला, तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि त्या माणसाला रात्री मच्छरदाणीत झोपवावे. त्याला चावलेला डासच रोग पुढे नेतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डेंग्यूचा रुग्ण आणि दुपारी झोपणारे तान्हे बाळ यांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. बाकीच्यांना डेंग्यूपासून मच्छरदाणी फारसे वाचवत नाही. तिथे आठवड्यातून एकदा रांजण आणि टाकी रिकामी करून घासणे हाच उपाय.

आणि मच्छरदाणी नसलेल्या शेजाऱ्याचे काय? पश्चिम केनियात झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की औषधाच्या मच्छरदाण्या वापरणाऱ्या घरांपासून 300 मीटरच्या आत राहणाऱ्या, पण स्वतःकडे मच्छरदाणी नसलेल्या घरांतही मलेरिया कमी झाला, कारण त्या परिसरात डासच कमी झाले. हे घडायला वस्तीतल्या बऱ्याच घरांत औषध शाबूत असलेली जाळी रोज रात्री खोचलेली असावी लागते. काही ठिकाणी डास या औषधाला सरावले आहेत. तिथे नुसत्या औषधावर विसंबता येत नाही, आणि म्हणूनच भोके बुजवणे आणि काठ खोचणे यांना तितकेच महत्त्व आहे. मच्छरदाणी वापरायला काढाल त्या दिवशी तिच्या पट्टीवर महिना आणि वर्ष पक्क्या शाईने लिहा, आणि प्रत्येक धुण्यानंतर तिथेच एक रेघ ओढा. औषध डोळ्यांना दिसत नाही. किती उरले असेल याचा अंदाज त्या रेघांवरूनच येतो.