पोर्टलवर ३४, गुणपत्रिकेवर २७

टीवायबीएस्सीच्या पाचव्या सत्राच्या गुणपत्रिका कॉलेजच्या खिडकीवर वाटल्या जातात. रांगेतून बाहेर आलेली एक विद्यार्थिनी भौतिक रसायनशास्त्राच्या ओळीवर थांबते. लेखी परीक्षेचे ६० पैकी ४१ गुण बरोबर आहेत, पण अंतर्गत परीक्षेचे ४० पैकी २७ दिसताहेत. कॉलेजच्या पोर्टलवर तिने ३४ पाहिले होते आणि तेव्हाचा स्क्रीनशॉटही मोबाइलमध्ये आहे. एकूण बेरीज ७५ व्हायला हवी होती, ती ६८ झाली आहे. त्या विद्यापीठात ७० पासून ए प्लस म्हणजे ९ श्रेणीगुण आणि त्याखाली ए म्हणजे ८ मिळतात असे धरू. विषय ४ श्रेयांकांचा आणि सत्र २० श्रेयांकांचे असेल, तर एकूण ४ गुणिले १ म्हणजे ४ श्रेणीगुणांचे नुकसान होते. त्याला २० ने भागले की एसजीपीए ०.२० ने घसरतो. एमएस्सीच्या गुणवत्ता यादीत एवढ्याने बराच फरक पडतो.

हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक धागा परीक्षा विभागात काम केलेल्यांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी मुले दोनपैकी एक काहीतरी करतात. कोणी ‘सर, माझे मार्क कमी आलेत, प्लीज चेक करा’ असे एका ओळीचे मेल पाठवून देते, तर कोणी घाईघाईने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरून पैसे गमावते. पुनर्मूल्यांकन साधारणपणे विद्यापीठाच्या लेखी उत्तरपत्रिकेचे असते. अंतर्गत गुणांचा त्याच्याशी संबंध नसतो. इथे पेपर पुन्हा तपासायचाच नाही. एक आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना कुठे बदलला, हे शोधायचे आहे.

त्यासाठी तो आकडा कोणत्या वाटेने जातो हे माहीत हवे. चाचणी, जर्नल, सादरीकरण यांचे गुण प्राध्यापक आधी आपल्या गुणनोंद वहीत किंवा कच्च्या यादीत लिहितात. तिथून ते कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर चढतात, आणि विद्यार्थ्याला दिसतात ते हेच. विद्यापीठाचे पोर्टल वेगळे असते. तिथे कॉलेजचे लॉगिन वापरून गुण पुन्हा भरावे लागतात, कधी एकेक आकडा टाइप करून, तर कधी एक्सेलची फाइल चढवून. भरून झाले की यादी ‘लॉक’ होते, तिची सही-शिक्क्याची प्रत परीक्षा विभागात राहते आणि त्यानंतर कॉलेजला बदल करता येत नाही. विद्यापीठाच्या नोंदीतून गुणपत्रिका छापली जाते. म्हणजे ३४ आणि २७ हे आकडे एकाच जागचे नाहीत. त्यांच्यामध्ये किमान एकदा माणसाच्या हाताने भरणा झालेला आहे.

मेल लिहिण्याआधी तासभर घालवून काही गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात. दोन्ही आकडे किती पैकी आहेत? काही कॉलेजांचे पोर्टल ५० पैकी गुण दाखवते आणि विद्यापीठाला ४० पैकी रूपांतर करून पाठवते. तसे असेल तर ५० पैकी ३४ चे ४० पैकी २७.२ होतात आणि अपूर्णांक सोडला की २७ उरतात. मग चूक कुठेच नसते. आमच्या उदाहरणातल्या मुलीच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘४०’ स्पष्ट दिसत होते म्हणून बरे, नाहीतर तिची सारी तक्रार इथेच संपली असती. दोन्हीकडे विषयाचा सांकेतिक क्रमांक, सत्र आणि परीक्षेचा महिना एकच आहे ना, हेही पाहावे. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात चिन्हांचा अर्थ दिलेला असतो. आकड्याशेजारी एखादे चिन्ह असेल तर तो अर्थ आधी वाचावा.

यानंतरची एक चाचणी फार थोड्यांना सुचते, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी तीच आहे. आपल्या पुढच्या-मागच्या रोल नंबरच्या मित्रमैत्रिणींना त्यांचे आकडे विचारायचे. या मुलीचा रोल नंबर ४१. रोल नंबर ४२ च्या मैत्रिणीला पोर्टलवर २७ होते, गुणपत्रिकेवर ३१ आले. ४३ च्या मुलाला पोर्टलवर ३१ होते. म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या खालच्याचे गुण आले आहेत. इथे रांगच सरकली आहे. रोल नंबर ४० ने प्रवेश रद्द केला, गुणांच्या स्तंभातली त्याची रिकामी चौकट कोणीतरी काढून टाकली, पण नावांच्या यादीत तो राहिला. खालचे सगळे गुण एक घर वर चढले. याचा आणखी एक पुरावा यादीच्या तळाशी सापडतो. शेवटच्या रोल नंबरपुढे काहीच उरत नाही, म्हणून त्याच्या गुणपत्रिकेवर अंतर्गत परीक्षेत ‘अनुपस्थित’ येते. तो बिचारा जर्नल उशिरा दिल्याची शिक्षा समजून गप्प बसलेला असतो.

शेजाऱ्यांचे आकडे जुळले आणि फक्त आपलाच चुकला, तर मात्र ती टंकनाची चूक समजावी. ३४ चे २४ किंवा ४३ झाले असेल, तर बोट चुकले किंवा अंक उलटसुलट पडले हे लगेच कळते. या दोन प्रकारांत मेलचा मजकूर बदलतो. एकट्याची चूक असेल तर एक आकडा दुरुस्त करावा लागतो. रांग सरकली असेल तर पूर्ण वर्गाची यादी दुरुस्त करावी लागते, आणि प्राध्यापकांना ते पहिल्याच मेलमध्ये कळायला हवे.

आता स्क्रीनशॉटविषयी. तो पुरावा म्हणून दाखवला की परीक्षा विभागातला माणूस मान हलवतो, आणि त्याचे चुकत नाही. ब्राउझरमध्येच पानावरचा आकडा क्षणभर बदलून चित्र काढता येते, त्याला कसलेही कौशल्य लागत नाही. तेव्हा स्क्रीनशॉट कुठे शोधायचे एवढेच सांगतो, असे समजून तो जोडावा. तो कापलेला नसावा. वरची पत्त्याची पट्टी, नाव, पीआरएन, विषयाचा क्रमांक आणि तारीख हे सगळे त्यात दिसायला हवे. मूळ फाइलवर लाल गोल काढू नये. गोल काढायचाच असेल तर प्रत करून तिच्यावर काढावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या चित्राची मूळ माहिती आणि स्पष्टता जाते, म्हणून मोबाइलमधली मूळ फाइलच जोडावी. पोर्टलवर ते गुण अजून दिसत असतील तर त्याच दिवशी पानाची पीडीएफ काढावी. गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजू सपाट ठेवून स्कॅन कराव्यात.

मेल कोणाला लिहायचे? ज्यांनी तो विषय शिकवला आणि गुण दिले त्यांनाच. पहिल्याच मेलची प्रत प्राचार्यांना पाठवणे मला योग्य वाटत नाही. भरणा अनेकदा कार्यालयातला दुसराच माणूस करतो, आणि चौकशीआधीच प्राध्यापकांना जाब विचारल्यासारखे होते. प्राध्यापक गुणपत्रिका बदलू शकत नाहीत. आपल्या मूळ यादीत काय लिहिले आहे, हे मात्र त्यांच्याइतके कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून मागणीही तेवढीच असावी. मेल असे लिहिता येईल:

विषय: अंतर्गत गुणांतील तफावत, टीवायबीएस्सी सत्र ५, भौतिक रसायनशास्त्र, रोल नंबर ४१

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी टीवायबीएस्सी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून माझे पूर्ण नाव, पीआरएन आणि बैठक क्रमांक खाली दिला आहे. आपल्या विषयाच्या अंतर्गत परीक्षेत मला कॉलेजच्या पोर्टलवर ४० पैकी ३४ गुण दिसत होते. काल मिळालेल्या छापील गुणपत्रिकेवर ४० पैकी २७ आहेत. विषयाचा क्रमांक, सत्र आणि परीक्षेचा महिना दोन्हीकडे एकच आहे. लेखी परीक्षेचे ४१ गुण दोन्हीकडे जुळतात.

रोल नंबर ४२ आणि ४३ यांच्याशी बोलल्यावर असे दिसले, की माझ्या गुणपत्रिकेवर ४२ चे आणि ४२ च्या गुणपत्रिकेवर ४३ चे गुण आले आहेत. हे मी त्यांना विचारून लिहीत आहे. कदाचित रोल नंबर ४० पासून यादी एका ओळीने सरकली असावी.

आपल्या मूळ गुणयादीत माझ्या नावापुढे किती गुण आहेत, हे कृपया पाहून कळवावे. तफावत खरी असल्यास परीक्षा विभागात अर्ज कसा करावा, याचे मार्गदर्शन करावे. पोर्टल उघडून दाखवण्यासाठी मी आपल्या सोयीच्या वेळी येऊ शकते. एमएस्सीच्या प्रवेश अर्जाची मुदत २० तारखेपर्यंत आहे.

सोबत: पोर्टलचा स्क्रीनशॉट, गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजू.

आपली विद्यार्थिनी

या मेलमध्ये ‘अन्याय’, ‘चूक’ असे शब्द नाहीत, कारण ३४ खरे की २७, हे अजून तिलाही ठाऊक नाही. मूळ यादीतच २७ असतील आणि पोर्टलवरचा आकडा चुकला असेल, असेही होऊ शकते. मग निकाल तोच राहतो. मैत्रिणींची परवानगी घेतल्याचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. रांग सरकल्याने काहींना जास्त गुण मिळाले आहेत आणि दुरुस्तीत ते कमी होतील. ४२ च्या मैत्रिणीला ३१ चे पुन्हा २७ होणार हे माहीत असूनही ती आकडा सांगायला तयार झाली. तिचे नाव तिला न विचारता घेणे बरे नव्हे. त्यांच्या गुणपत्रिकांच्या प्रतीही आपण जोडू नयेत. मूळ यादी पाहिली की ते मॅडमना कळेलच.

मूळ यादीत ३४ सापडले की पुढचे काम कागदावर होते. परीक्षा विभागाच्या नावे लेखी अर्ज, मॅडमची सही असलेली गुणयादीची प्रत आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स द्यायची. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण महिन्याभराने चौकशी करताना तोच क्रमांक विचारला जातो. कॉलेज प्राचार्यांच्या पत्रासह दुरुस्ती विद्यापीठाकडे पाठवते. मूळ गुणपत्रिका परत मागितली जाते, ती पोच घेऊनच द्यावी. प्रवेशाची मुदत आधी संपत असेल, तर गुणदुरुस्ती प्रलंबित असल्याचे पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर मागावे. प्रवेश देणारे ते मानतीलच असे नाही, पण गुण सुधारून आल्यावर दावा करायला तो आधार राहतो.

नवी गुणपत्रिका हातात आली की आकड्याबरोबर श्रेणी, एसजीपीए आणि ४ गुणिले ९ चे गणितही पाहावे. मग डिजिलॉकर उघडावे. तिथली प्रत वेगळ्या वेळी चढवलेली असते आणि छापील कागद सुधारला तरी तिथे जुने २७ राहू शकतात. सहाव्या सत्राची गुणपत्रिका दुरुस्तीआधीच छापली असेल, तर तिच्यावरचा सीजीपीए जुन्याच एसजीपीएवरून काढलेला असतो. तोही बदलून मागावा लागतो, त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन.